कोकम सरबताच्या बाटलीवर आयएनएस २११, ३३०, १२२: यातल्या कशाला खरंच घाबरायचं?

नेत्रा_देवगड
मंडळी, गेल्या आठवड्यात कणकवलीच्या अलीकडे हायवेवरच्या स्टॉलवरून कोकम सरबताच्या दोन बाटल्या घेतल्या. एकीच्या लेबलवर बारीक अक्षरात लिहिलंय: साखर, पाणी, कोकम रस, ॲसिडिटी रेग्युलेटर (आयएनएस ३३०), कंटेन्स पर्मिटेड क्लास २ प्रिझर्व्हेटिव्ह (आयएनएस २११), आणि खाली सिंथेटिक फूड कलर (आयएनएस १२२). दुसरी बचत गटाची आहे. तिच्यावर फक्त कोकम, साखर, मीठ, जिरं आणि "प्रिझर्व्हेटिव्ह नाही" एवढंच.

नणंदेने व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवली आहे. तिच्यात ३३० सगळ्यात वर, "कॅन्सर" म्हणून, आणि २११ त्याच्या खाली. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, वजन १८ किलो, आणि शाळेतून आला की त्याला रोज कोकम सरबत लागतं. पहिली बाटली फेकून देऊ का? भीती घालणारे व्हिडिओ नकोत. ज्यांना माहीत आहे त्यांनी नीट सांगा.

मधुरा_चिपळूण
नेत्रा, फेकून दे. क्लास २ म्हणजेच दुय्यम दर्जाचं, हे तर लेबलवरच लिहिलंय. शिवाय २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, आणि बेंझोएट अधिक व्हिटॅमिन सी म्हणजे बेंझीन. बेंझीनने ब्लड कॅन्सर होतो. हे मी नीट वाचलेलं आहे, हवेतलं बोलत नाही. आपण मुलांना आंबट सरबतं देतो, सगळ्यांत व्हिटॅमिन सी असतंच.

आबा_वेंगुर्ला
ह्या आकड्यांची भानगडच नको. आमच्या आवशीन कधी पावडर घातल्यान नाय. रातांबे फोडायचे, मीठ लावायचा, आगळ सुटला की बरणीत भरायचा. वर्सभर रव्हता. सोलकढी केव्हाय करा. आगळ घे नि पोराक पाण्यात घालून दी, आकडो नाय नि भीती नाय.

जुना_केमिस्ट
फळप्रक्रियेच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत माझी नोकरी गेली, आता रत्नागिरीत निवृत्त आहे. नेत्राताई, तुमची बाटली फेकण्याआधी तिन्ही आकडे वेगवेगळे पाहा. तिघांची भीती सारखी नाही.

३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबात असतं तेच. तुमच्या नणंदेकडे आलेली यादी फार जुनी आहे. फ्रान्समध्ये १९७६ च्या सुमारास अशीच एक चिठ्ठी हातोहात फिरली होती. तिच्यात ३३० ला सर्वांत घातक ठरवलं होतं आणि खाली व्हिलजुईफ गावातल्या कॅन्सर रुग्णालयाचं नाव होतं. त्या संस्थेने आपला त्या चिठ्ठीशी काही संबंध नसल्याचं सांगितलं, तरी ती वर्षानुवर्षं फिरत राहिली. ३३० सोडून द्या.

मधुराताई, क्लास २ चा दर्जाशी काही संबंध नाही. आपल्याकडच्या नियमांत मीठ, साखर, व्हिनेगर, मसाले, मध हे क्लास १ चे टिकवणारे पदार्थ, आणि बेंझोएट, सल्फाइट, सॉर्बेट अशी रसायनं क्लास २ ची. पहिल्यांवर मर्यादा नाही, दुसऱ्यांवर आहे. त्यामुळे आबा, तुमच्या आगळातही प्रिझर्व्हेटिव्ह आहेच, फक्त त्याला आकडा लिहावा लागत नाही. ते आहे मीठ. ज्यांना ब्लड प्रेशर आहे त्यांच्यासाठी आगळातलं मीठ ही २११ पेक्षा जवळची काळजी आहे.

बेंझीनचं उत्तर जरा मोठं आहे, रात्री सविस्तर लिहितो. तोवर लेबलवर आयएनएस ३००, म्हणजे वरून घातलेलं व्हिटॅमिन सी, आहे का ते बघून ठेवा.

आबा_वेंगुर्ला
माका बीपी हा. डॉक्टरान मीठ कमी सांगल्यान, पण सोलकढीचा कोणी काय बोलाक नाय.

नेत्रा_देवगड
३०० नाहीये, दोनदा पाहिलं. घटकांच्या ओळीत साखर पहिली, पाणी दुसरं, कोकम रस तिसरा.

बंदरावरचा
माझाही प्रश्न याच्यातच विचारतो. मला दमा आहे. लग्नात लिंबाचं बाटलीबंद स्क्वॅश प्यायलो की अर्ध्या तासात छाती भरते. पण घरचं लिंबू सरबत चालतं. कोकमाच्या बाटलीने कधी काही झालं नाही. मग २११ मुळे होतं का?

जुना_केमिस्ट
तुमचा प्रश्न फार कामाचा आहे. आधी तुमचं, मग बेंझीन.

लिंबाच्या, आंब्याच्या आणि बहुतेक फिकट रंगाच्या स्क्वॅशमध्ये पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात, लेबलवर आयएनएस २२४. आमच्याकडे सगळे त्याला केएमएस म्हणायचे. पाण्यात गेलं की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो, तोच जंतू रोखतो आणि रंग काळा पडू देत नाही. पण कोकम, जांभूळ, करवंद यांचा लाल-जांभळा रंग हाच वायू उडवतो. कोकम सरबतात केएमएस घातलं तर ते फिकं पडतं. म्हणून लाल फळांना बेंझोएट आणि पिवळ्या-पांढऱ्या फळांना केएमएस, असा धंद्यातला सरळ हिशेब आहे. तुम्हाला लिंबू स्क्वॅश बाधतं आणि कोकम बाधत नाही याचं कारण यातच असण्याची शक्यता बरीच आहे.

सल्फाइटची भीती खरी आहे, पण सगळ्यांसाठी नाही. दम्याच्या काही रुग्णांना त्याने श्वासनलिका आवळते, कधी जोरात. बाकीच्या माणसांना त्या प्रमाणात काही होत नाही. म्हणूनच किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर ते ॲलर्जीच्या घोषणेत लिहिणं बंधनकारक आहे. तुम्ही २२० ते २२८ मधला कोणताही आकडा दिसला की ती बाटली ठेवून द्या आणि हा अनुभव छातीच्या डॉक्टरांना नक्की सांगा. थोड्यांना बेंझोएटही बाधतं, तेव्हा कोकम चालतं म्हणून २११ निर्धास्त, असं मात्र धरू नका.

बंदरावरचा
काका, मग कोळंबीचं काय? बोटीवर आणि प्रोसेसिंगला कोळंबीवर पावडर मारतात, डोकं काळं पडू नये म्हणून. कधीकधी ती खाल्ली की मला घशात खवखव होते. आणि सुटी घेतली की लेबल कुठलं?

जुना_केमिस्ट
ती बहुधा सोडियम मेटाबायसल्फाइट, आकडा २२३. कोळंबीच्या अंगातलेच एन्झाइम हवेशी संयोग झाल्यावर डोकं आणि सांधे काळे करतात. ते थोपवायला ती पावडर. कच्च्या कोळंबीत शेवटी किती उरावं याला आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, किलोला १०० मिलिग्रॅम. पाण्यात किती टाकली, किती वेळ बुडवली, नंतर धुतली का, यावर शेवटचा आकडा ठरतो. गोठवलेल्या पाकिटावर तरी तुम्हाला वाचायला मिळतं. सुट्या मालाला लेबल नाही, तिथे वाचायला काहीच नाही. ओळखीच्या माणसाकडून त्याच दिवशीची घ्यायची, एवढंच हातात आहे.

सुरंगी_बचतगट
काका, डोकं काळं झालेली कोळंबी आमच्याकडे कुणी घेत नाही, नासकी म्हणतात.

जुना_केमिस्ट
काळं पडणं म्हणजे सडणं नाही. वास आणि मांसाचा कडकपणा बघा. काळी, पण कडक आणि समुद्राचा वास असलेली कोळंबी चांगली. डोकं लखलखीत पण वास अमोनियासारखा, ती सोडा. पावडर डोकं उजळ ठेवते, त्यामुळे गिऱ्हाईक नेमकं उलटं निवडतं.

आता बेंझीन. मधुराताईंनी वाचलेलं अर्धं बरोबर आहे. बेंझोएट आणि व्हिटॅमिन सी एकत्र असतील, सोबत उष्णता किंवा ऊन असेल आणि तांबं किंवा लोखंड सूक्ष्म प्रमाणात असेल, तर थोडं बेंझीन तयार होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध-अन्न प्रशासनाने २००५ ते २००७ दरम्यान शंभराहून जास्त पेयं तपासली. बहुतेकांत ते त्यांच्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे अब्जात ५ भागांपेक्षा, कमी होतं. जी थोडी पेयं वर गेली ती उत्पादकांनी बदलली.

तुमच्या बाटलीबाबत दोन गोष्टी आहेत. एक, लेबलवर ३०० नाही, म्हणजे वरून व्हिटॅमिन सी घातलेलं नाही, आणि कोकमाचा आंबटपणा मुख्यतः दुसऱ्या आम्लाचा असतो. लिंबासारखं आंबट म्हणजे लिंबाइतकं व्हिटॅमिन सी, हे खरं नाही. दुसरं, साखर ही क्रिया मंदावते. बेंझीन जास्त सापडण्याची चिंता मुख्यतः बिनसाखरेच्या डाएट पेयांत होती. तुमचं सिरप साखरेने गच्च आहे. तेव्हा "प्रत्येक २११ म्हणजे बेंझीन" हे अतिशयोक्तीचं. पण २११ आणि ३०० एकाच लेबलवर, आणि बाटली टपरीवर मे महिन्याच्या उन्हात, असं दिसलं तर मी ती घेणार नाही.

मधुरा_चिपळूण
मान्य, ३०० नाही. पण रोज प्यायलं तर साठणार नाही का शरीरात? पाच वर्षांचं पोर आहे.

जुना_केमिस्ट
बेंझोएट साठत नाही. यकृत त्याला ग्लायसिनशी जोडतं, त्याचं हिप्युरिक ॲसिड होतं आणि साधारण दिवसभरात लघवीतून बाहेर पडतं. प्रमाणाचा हिशेब करून बघू, नेत्राताईंच्याच मुलासाठी.

फळांच्या सिरपला आपल्याकडे पूर्वापार बेंझोइक ॲसिडची मर्यादा किलोला ६०० मिलिग्रॅम. समजा उत्पादकाने अगदी मर्यादेपर्यंत घातलंय. ग्लासभर सरबताला ३० मिली सिरप लागतं. सिरप जड असतं, ३० मिलीचं वजन सुमारे ४० ग्रॅम भरतं. म्हणजे एका ग्लासात २४ मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये धरलेली रोजची मर्यादा आहे वजनाच्या प्रत्येक किलोला ५ मिलिग्रॅम. १८ किलोच्या मुलाला ९० मिलिग्रॅम, म्हणजे पावणेचार ग्लास. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये ही मर्यादा चौपट, २० पर्यंत वाढवली. दोन समित्या एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून मी कडक आकडाच धरतो. दिवसाला एक ग्लास तिच्याही फार आत आहे. फक्त त्याच दिवशी सॉस, लोणचं, जॅम आणि कोल्ड्रिंकही असेल तर त्यांतलंही धरा.

त्याच ४० ग्रॅममधली साखर बघा. फळांच्या सिरपमध्ये विरघळलेला घन भाग किमान ६५ टक्के असायला हवा, आणि त्यातली बहुतेक साखरच. म्हणजे ग्लासात २५ ग्रॅमच्या आसपास साखर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते. तुमच्या पाच वर्षांच्या मुलाचा दिवसभराचा वाटा त्या एका ग्लासात संपून वर जातो, आणि बचत गटाच्या बाटलीतही तेच. साखर पहिल्या क्रमांकावर असणं हीच त्या लेबलवरची सगळ्यात महत्त्वाची ओळ, कारण घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात.

नेत्रा_देवगड
हे कुणीच सांगितलं नव्हतं. सगळे २११ वरच अडकले होते, मीसुद्धा. आणि १२२?

जुना_केमिस्ट
माझ्या मते तुमच्या लेबलवरचा सगळ्यात शंकेचा आकडा हाच. १२२ म्हणजे कार्मोइसिन, लाल रंग. तो आपल्याकडे मर्यादेत घालायला परवानगी असलेल्या रंगांपैकी आहे. पण कोकमाला स्वतःचा इतका रंग असताना बाहेरचा रंग कशाला? एक तर रस कमी आहे, नाहीतर उन्हात आणि जुना होऊन नैसर्गिक रंग तपकिरी पडतो ते झाकायचंय.

२००७ मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने लहान मुलांना रंगांची मिश्रणं देऊन त्यांचं वागणं तपासलं. मिश्रणात १२२ होता, आणि बेंझोएटही होतं. काही मुलांच्या चंचलपणात थोडा फरक दिसला, पण तो सगळ्यांत नव्हता, आणि कोणत्या घटकाने झाला ते वेगळं काढता आलं नाही. तरी युरोपने २०१० पासून अशा सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या वागण्याबाबत इशारा छापायला लावला. बेंझोएटवर लावला नाही. पक्का पुरावा नाही, पण लहान मुलासाठी रंगाची गरजही नाही, म्हणून १२२ टाळायला मी सांगेन.

घरी बघायचं असेल तर पांढऱ्या वाटीत चमचाभर सरबत घ्या, त्यात चिमूट-चिमूट खायचा सोडा घालत राहा. फसफसून आंबटपणा मरला की कोकमाचा अस्सल रंग जांभळट, मग निळसर-हिरवट होतो. लालच राहिला तर बाहेरचा रंग आहे. दोन्ही मिसळलेले असतील तर मळकट मधला रंग येतो, तिथे ही युक्ती अपुरी पडते.

सुरंगी_बचतगट
काका, तुम्ही आलात ते बरं झालं. आमचा गट सावंतवाडीकडचा. आम्ही २११ घालत नाही, पण दोन-तीन महिन्यांनी काही बाटल्यांत वरच्या थरावर पांढरी बुरशी दिसते, गिऱ्हाईक परत आणून देतं. एका व्यापाऱ्याने सांगितलं की अर्धा चमचा बेंझोएट घाला, प्रश्न मिटेल. घालावं का, आणि किती?

जुना_केमिस्ट
ताई, चमच्याने कधीही नाही. १० किलो सिरपला सोडियम बेंझोएट ७ ग्रॅम, सोनाराच्या काट्यावर मोजून. ६०० चा नियम बेंझोइक ॲसिडवर आहे, आणि सोडियम बेंझोएट त्याच्यापेक्षा थोडं जड, म्हणून सहाऐवजी सात. आणि कोरडी पावडर थेट ओतू नका. सरबत इतकं आंबट असतं की ती तिथल्या तिथे बेंझोइक ॲसिड होऊन पांढऱ्या कणांसारखी गोठते, तळाशी किंवा वर बसते. मग एका बाटलीत दुप्पट, दुसरीत काहीच नाही. आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून, ढवळत ढवळत, बारीक धारेने घाला. प्यायल्यावर घशात मिरीसारखं झोंबलं तर प्रमाण चुकलंय असं समजा.

पण तुमचा प्रश्न मुळात बेंझोएटचा नाही असं मला वाटतं. तुम्ही सिरप गरम भरून लगेच झाकण लावता का?

सुरंगी_बचतगट
हो, गरम भरतो, लगेच झाकण, आणि उभ्याच ठेवतो.

जुना_केमिस्ट
मग आतली वाफ झाकणाखाली गोठते आणि थेंब सिरपवर पडतात. वरचा पातळ थर होतो. तिथे साखर कमी, म्हणून बुरशीला तिथेच वाव. खाली सगळं शाबूत असतं. वर अगदी थोडीच मोकळी जागा ठेवून ८५ अंशांच्या आसपास गरम सिरप भरा, झाकण लावून बाटली काही मिनिटं आडवी करा म्हणजे झाकणाची आतली बाजू आणि गळा गरम सिरपने निर्जंतुक होतो, मग उभी करून थंड झाल्यावर एकदा हलवा म्हणजे वरचं पाणी मिसळून जातं. प्लॅस्टिकची बाटली असेल तर इतकं गरम चालणार नाही, ती आक्रसते. काच वापरता ना?

सुरंगी_बचतगट
अर्ध्या काचेच्या, अर्ध्या प्लॅस्टिकच्या. बुरशी आलेल्यांत प्लॅस्टिकच्याच जास्त असतात. त्या थोड्या थंड करून भरतो.

जुना_केमिस्ट
मग प्लॅस्टिकच्या बाटल्यांसाठी कमी गरम भरणं आणि मोजून २११, किंवा सगळा माल काचेत. पण २११ घातलंत की "प्रिझर्व्हेटिव्ह नाही" ही ओळ लेबलवरून काढावी लागेल आणि क्लास २ ची ओळ छापावी लागेल. गटाने बसून ठरवा. काच महाग आणि वाटेत फुटते, हेही खरं.

मधुरा_चिपळूण
काका, एक शेवटचा मुद्दा. लेबलवर २११ लिहिलं असतं, किती घातलंय ते लिहिलेलं नसतं. तुमचा सगळा हिशेब "मर्यादेपर्यंत" या समजुतीवर उभा आहे. चमच्याने घालणाऱ्याची बाटली कशी ओळखायची?

जुना_केमिस्ट
ओळखता येत नाही, आणि तुमची ही शंका रास्त आहे. लेबल नाव सांगतं, प्रमाण नाही. १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक, बॅच नंबर आणि तारीख नसलेली बाटली मी घेत नाही, पण ते असूनही प्रमाण चुकलेलं असू शकतं. खात्री फक्त प्रयोगशाळेत होते.

बंदरावरचा
गिऱ्हाईकाला तपासून घेता येतं का?

जुना_केमिस्ट
येतं. अन्नसुरक्षा कायद्यातच तशी तरतूद आहे. पण खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं की मी हे तपासायला नेतोय, मग फी भरून फूड ॲनालिस्टकडे नमुना द्यायचा. माल दोषी ठरला तर फी परत मिळते.

नेत्रा_देवगड
सोड्याची तपासणी केली. बचत गटाची बाटली जांभळी होऊन निळसर झाली. हायवेवरची शेवटपर्यंत लाल. ती मी बाजूला ठेवली आहे. दुसरीतून मुलाला अर्धंच सिरप देतेय, बाकी पाणी आणि चिमूटभर जिरं. पहिल्या दिवशी कुरकुर केली, आता पितो. सुरंगीताई, काचेच्या बाटल्या तुमच्या गटाकडून मागवता येतील का, देवगडला पोचवाल?

आबा_वेंगुर्ला
माका पण एक सांगा कोणीतरी, आगळाचा मीठ कमी करून सोलकढी जमता काय? बायको म्हणता, मीठ कमी केला तर आगळ टिकाचा नाय.

सुरंगी_बचतगट
आबा, बायकोचं बरोबर आहे, आगळात मीठ कमी करू नका. आगळ थोडं वापरा, आंबटपणासाठी सुकी सोलं भिजवून घ्या, फक्त मीठ न लावलेली असतील ते विचारून घ्या. नेत्राताई, पुढच्या आठवड्यात आमची गाडी देवगडला जाणार आहे, तुमचा नंबर इथे नको, खाजगी निरोपात पाठवा.